सूत्रातलं पाणी आणि पाइपातलं पाणी

एखाद्या कारखान्याच्या पंपघरात २०० मिलिमीटर आतल्या व्यासाचा पाइप आहे असं समजू. मध्येच दोन फ्लँजांच्या बेचक्यात स्टीलची एक चकती आवळून बसवलेली आहे आणि तिच्या बरोबर मधोमध १२० मिलिमीटरचं गोल भोक आहे. चकतीच्या अलीकडून आणि पलीकडून एकेक बारीक नळी निघून एका डब्यात शिरते. डब्यावरचा आकडा सांगतो की दोन्ही बाजूंच्या दाबात २० किलोपास्कलचा फरक आहे, म्हणजे साधारण दोन मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. आता प्रश्न एवढाच की पाइपातून पाणी किती जातंय?

अकरावी-बारावीच्या पुस्तकातलं बर्नूलीचं समीकरण घेऊन बसलं तर उत्तर येतं सेकंदाला ७६.८ लिटर. प्रत्यक्षात जात असतं सुमारे ४६.७ लिटर. गणितात चूक नाही, मोजमापात चूक नाही, तरीही सेकंदाला तीस लिटर पाणी फक्त कागदावर वाहतं. ही तफावत भरून काढणाऱ्या आकड्याला विसर्ग गुणांक म्हणतात. पॉलिटेक्निकच्या पोरांच्या तोंडी तो ‘सीडी’ असतो. बहुतेकांना तो प्रयोगवहीत काढलेला आणि परीक्षेनंतर विसरलेला एक आकडा वाटतो. पण या मीटरचं खरंखोटं ठरतं ते तिथेच.

डॅनियल बर्नूली यांनी १७३८ साली छापलेल्या ग्रंथातला विचार साधा आहे. वाट अरुंद झाली की तेवढंच पाणी पुढे जाण्यासाठी त्याला वेग वाढवावा लागतो, आणि वेगासाठी लागणारी ऊर्जा दाबातून येते. त्यामुळे अरुंद जागी दाब उतरतो. तो किती उतरला हे मोजलं की वेग कळतो, आणि वेगावरून प्रवाह. व्यवहारात सूत्र असं लिहितात:

```
Q = C × E × A × √(2ΔP/ρ)
E = 1/√(1 − β⁴)      β = d/D
```

इथे A म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ, ΔP म्हणजे दाबातला फरक, ρ म्हणजे घनता आणि β म्हणजे भोकाच्या व्यासाचं पाइपाच्या व्यासाशी गुणोत्तर. आपल्या उदाहरणात ते ०.६ आहे. E हा आकडा, पाणी चकतीपाशी येतानाच काही वेग घेऊन येतं, त्याचा हिशेब ठेवतो. इथे तो १.०७२ भरतो. उरला C, म्हणजे आपला विसर्ग गुणांक. तो १ धरला की ७६.८ लिटर येतात.

मग ते तीस लिटर कुठे गेले? घर्षणात, असं उत्तर चटकन सुचतं आणि ते बहुतांशी चुकीचं आहे. खरं कारण पाण्याच्या वाटेत आहे. पाइपाच्या मध्यावरून येणारं पाणी सरळ भोकातून निघून जातं, पण भिंतीलगतचं पाणी चकतीवर आदळून आत वळतं. हे आडवं आलेलं पाणी भोकाच्या कडेशी एकदम काटकोनात सरळ होऊ शकत नाही. आत येण्याचा त्याचा झोक चकती ओलांडल्यावरही थोडा वेळ टिकतो, आणि त्यामुळे धार भोकाबाहेर पडल्यावरही आणखी निमुळती होत जाते. पाइपाच्या साधारण अर्ध्या व्यासाइतकं अंतर गेल्यावर ती सर्वांत बारीक असते. तिथे धारेचं क्षेत्रफळ भोकाच्या जेमतेम दोन तृतीयांश उरलेलं असतं. सूत्र मात्र अख्खं भोक मोजून मोकळं होतं. गुस्ताव किरचॉफ यांनी एकोणिसाव्या शतकात मोठ्या टाकीच्या लांबट फटीतून निघणाऱ्या धारेसाठी हे आकुंचन निव्वळ गणिताने काढून दाखवलं, घर्षण पूर्णपणे सोडून देऊन. उत्तर आलं π/(π+२), म्हणजे ०.६११. गोल भोकाचा आणि पाइपाचा प्रकार वेगळा असला तरी धारदार कडेच्या चकतीचा गुणांक ०.६ च्या आसपास घुटमळतो त्यामागे हेच कारण आहे. म्हणजे गुणांकाचा मोठा भाग हा कडेच्या आकाराचा हिशेब आहे. हे ध्यानात राहिलं तर पुढे काय काय बिघडू शकतं याचा निम्मा अंदाज आपोआप येतो.

कड नाहीशी केली तर? हाच विचार अमेरिकेतले जलअभियंते क्लेमेन्स हर्शेल यांच्या कामात दिसतो. मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक इथली वॉटर पॉवर कंपनी नदीचं पाणी कालव्यांतून गिरण्यांना विकत असे, आणि विकायचं म्हटल्यावर मोजणं आलंच. हर्शेल यांनी भोकाची चकती न घेता पाइपच हळूहळू निमुळता केला आणि मग त्याहूनही सावकाश पुन्हा रुंद केला. १८८७ च्या सुमारास त्यांनी त्याच्या चाचण्या घेतल्या आणि १८८८ मध्ये पेटंट मिळवलं. अशा निमुळत्या नळ्यांतल्या प्रवाहाचा अभ्यास नव्वद वर्षांपूर्वी, १७९७ मध्ये, जिओव्हानी बत्तिस्ता व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञाने प्रसिद्ध केला होता. हर्शेल यांनी आपल्या मीटरला त्यांचंच नाव दिलं. पुढे याच हर्शेल यांनी प्राचीन रोमचे पाणीपुरवठा अधिकारी फ्रंटिनस यांच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर १८९९ मध्ये छापलं. फ्रंटिनस यांच्या काळी रोममध्ये पाण्याचा वाटा नळीच्या तोंडाच्या आकारावरून ठरत असे, वेग मोजायची सोयच नव्हती. सरकारी नोंदी आणि प्रत्यक्ष मोजमाप जुळेना तेव्हा फ्रंटिनस यांनी चोरीकडे बोट दाखवलं. चोरी होत असेलही, पण वेग न मोजता केलेला हिशेब जुळणार तरी कसा?

व्हेंचुरीत पाणी भिंत धरूनच चालतं, त्यामुळे धार आणखी आवळली जात नाही. आतून मशिनिंग केलेल्या व्हेंचुरीचा गुणांक आयएसओ ५१६७ या आंतरराष्ट्रीय मानकात ०.९९५ धरलेला आहे. ओतीव आणि आतून खडबडीत असलेल्या व्हेंचुरीचा ०.९८४. इथे मात्र एकातून वजा झालेला उरलासुरला अंश खरोखरच घर्षणाचा आहे. चकती मात्र स्वस्त, पातळ, कोणत्याही लेथवर होण्याजोगी आणि दोन फ्लँजांत सरकवण्याइतकी सोपी. म्हणून गुणांक इतका वाईट असूनही कारखान्यांत राज्य तिचंच आहे.

आता त्या पंपघरातल्या आकड्याकडे परत येऊ. ०.६१ धरा आणि गुणून टाका, असं कोणी म्हटलं तर ते फार चुकीचं नाही. पण पाण्याचं बिल त्यावर निघणार असेल तर पुरेसं नाही. कारण गुणांक ठरतो तीन गोष्टींवर: β किती आहे, दाबाच्या नळ्या नेमक्या कुठे बसवल्या आहेत, आणि रेनॉल्ड्स अंक किती आहे. पहिल्या दोन गोष्टी पट्टीने मोजता येतात. तिसऱ्यात मेख आहे. रेनॉल्ड्स अंक म्हणजे वेग गुणिले पाइपाचा व्यास भागिले द्रवाची श्यानता, म्हणजे चिकटपणा. पण वेग माहीत असता तर मीटरची गरजच काय होती? प्रवाह काढायला गुणांक हवा, गुणांक काढायला प्रवाह हवा.

सुटका सोपी आहे. आधी गुणांक अंदाजाने धरायचा, समजा ०.६०. त्याने प्रवाह येतो सेकंदाला ४६.१ लिटर. त्यावरून पाइपातला वेग निघतो सेकंदाला १.४७ मीटर, आणि २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यासाठी रेनॉल्ड्स अंक ३ लाख २८ हजार. हा अंक मानकातल्या समीकरणात घातला, दाबाच्या नळ्या चकतीच्या अलीकडे एक व्यास आणि पलीकडे अर्धा व्यास अंतरावर आहेत असं धरलं, की गुणांक येतो ०.६०८७. आता याच गुणांकाने पुन्हा प्रवाह काढायचा: ४६.७ लिटर. रेनॉल्ड्स अंक ३ लाख ३३ हजार. पुन्हा गुणांक: ०.६०८६. चौथ्या दशांशस्थळी एकाचा फरक, म्हणजे पाणी स्थिरावलं. दोन फेऱ्यांत काम होतं, कारण रेनॉल्ड्स अंक बराच हलला तरी गुणांक थोडाच हलतो. आजकाल हे काम मीटरला जोडलेला फ्लो कॉम्प्युटर क्षणाक्षणाला करत असतो. पण एकदा कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं की मग स्क्रीनवरचा आकडा गूढ राहत नाही.

ते मानकातलं समीकरण दिसायला भयानक आहे. रीडर-हॅरिस आणि गॅलाघर यांच्या नावाने ते ओळखलं जातं आणि त्याच्या मुळाशी युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळांमध्ये प्रत्यक्ष पाणी, तेल आणि वायू सोडून घेतलेली सोळा हजारांहून अधिक मोजमापं आहेत. सिद्धान्तातून ते आपोआप निघालेलं नाही, मोजमापांवर बेतलेलं आहे. आणि म्हणूनच त्याला हद्द आहे. आपल्यासारख्या चकतीसाठी त्याने दिलेला गुणांक अर्ध्या टक्क्याच्या आत बरोबर असतो, पण चकती, पाइप आणि जोडणी मानकात सांगितली तशीच असेल तरच.

रेनॉल्ड्स अंकामुळे गुणांक किती हलतो? थंडीतलं १० अंशाचं पाणी आणि उन्हाळ्यातलं ४० अंशाचं पाणी यांचा चिकटपणा जवळजवळ दुप्पट-निमपट असतो. तरी गुणांकातला फरक पडतो सुमारे ०.२ टक्के, म्हणजे विसरून जाण्याजोगा. प्रवाह दहाव्या हिश्शावर आला तर मात्र गुणांक ०.६१७ होतो, सुमारे १.४ टक्के जास्त. आणि पाण्याऐवजी फर्नेस ऑइलसारखा दाट द्रव असेल तर रेनॉल्ड्स अंक कोसळतो आणि धारदार कडेची चकती भरवशाची राहत नाही. अशा ठिकाणी मुद्दाम गोलाई दिलेल्या कडेची चकती वापरतात.

कमी प्रवाहाचं खरं दुखणं मात्र गुणांकात नाही, वर्गमुळात आहे. प्रवाह दहाव्या हिश्शावर आला की दाबातला फरक शंभराव्या हिश्शावर येतो. आपल्या उदाहरणात २० किलोपास्कलचे उरतात ०.२. त्यातच ट्रान्समीटरची चूक पूर्ण मोजपट्टीच्या ०.१ टक्का असेल, म्हणजे ०.०२ किलोपास्कल, तर ती या वाचनाच्या दहा टक्के झाली आणि प्रवाहात पाच टक्क्यांची चूक शिरली. अशा वेळी गुणांकाचं चौथं दशांशस्थळ घासत बसणं व्यर्थ आहे. जाणकार मंडळी म्हणूनच या मीटरवर कमाल प्रवाहाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाखाली फारसा विश्वास टाकत नाहीत.

आता कड. मानक म्हणतं की भोकाची अलीकडची कड इतकी धारदार हवी की तिची गोलाई भोकाच्या व्यासाच्या ०.०००४ पटींपेक्षा जास्त नसावी. १२० मिलिमीटरच्या भोकाला हे होतात ०.०४८ मिलिमीटर, म्हणजे साधारण माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पाण्यातल्या वाळूने दोन-तीन वर्षांत कड बोथट होते. बोथट कडेवरून पाणी सहज वळतं, धार कमी आवळते, खरा गुणांक वाढतो. फ्लो कॉम्प्युटरला याचा पत्ता नसतो, तो जुन्याच गुणांकाने गुणत राहतो. परिणामी मीटर खऱ्यापेक्षा कमी पाणी दाखवतो. ही चूक नेहमी एकाच बाजूला झुकते आणि कोणताही अलार्म न वाजता वाढत जाते, म्हणून ती जास्त घातक.

याच चुकीचं ढोबळ रूप म्हणजे उलटी बसवलेली चकती. जाड चकतीच्या पलीकडच्या बाजूला भोकाभोवती साधारण ४५ अंशांचा उतार दिलेला असतो, जेणेकरून धारेला फक्त पातळ कडच लागावी. देखभालीनंतर घाईत तो उतार पाण्याच्या दिशेने आला की धारेला निमुळतं तोंड मिळतं आणि मीटर दहा टक्क्यांहूनही कमी दाखवू शकतो. म्हणून चकतीच्या बाहेर आलेल्या दांड्यावर पाणी येण्याची बाजू ठोकून लिहिलेली असते. फ्लँज न उघडता ती वाचता येते, आणि वाचावी.

भोकाचा व्यासही तितकाच नाजूक. १२० ऐवजी १२०.५ मिलिमीटर अशी नोंद संगणकात गेली तर प्रवाहात जवळजवळ एक टक्क्याची चूक कायमची बसते. आणि चकतीच्या आधी सरळ पाइप पुरेसा नसेल तर सगळ्यावर पाणी. ९० अंशाच्या एका बाकानंतर β ०.६ च्या चकतीसाठी मानक ४२ व्यासांचा सरळ पाइप मागतं, म्हणजे आपल्या पाइपासाठी ८.४ मीटर. बाकामुळे पाणी एका बाजूला जोरात आणि दुसऱ्या बाजूला मंद चालतं, आणि गुणांकाची मोजमापं झालेली असतात ती शांत, सरळ प्रवाहात. १३ व्यासांवरही मानक भागवून घेतं, पण मग अनिश्चिततेत अर्धा टक्का वाढवून. गच्च भरलेल्या पंपघरात साडेआठ मीटर सरळ पाइप सापडणं कठीणच, त्यामुळे ही तडजोड सर्रास होते. तडजोडीला हरकत नाही, तो वाढीव अर्धा टक्का हिशेबात कोणी धरत नाही हा तक्रारीचा मुद्दा आहे.

मीटर खरं बोलतोय की नाही हे तपासायचं तर सर्वांत सोपं साधन म्हणजे खालची टाकी. टाकी १० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असेल, आउटलेट बंद असेल आणि मीटर सेकंदाला ४६.७ लिटर दाखवत असेल, तर अर्ध्या तासात ८४ घनमीटर पाणी येऊन पातळी १.०५ मीटर चढायला हवी. ती १.१० मीटर चढली तर मीटर साडेचार टक्के कमी दाखवतोय. मग आधी शून्य तपासायचं: थ्री-व्हॉल्व्ह मॅनिफोल्डचा मधला व्हॉल्व्ह उघडून, बाजूचे बंद करून, दोन्ही बाजूंचा दाब सारखा केला की ट्रान्समीटरने शून्यच दाखवलं पाहिजे. शून्य बरोबर असेल आणि बारीक नळ्यांत हवा अडकलेली नसेल तर संशय कडेवर, आणि चकती बाहेर काढायची वेळ आली.

एक दोष मात्र चकतीत नसून तारेच्या दुसऱ्या टोकाला असतो. वर्गमूळ काढायचं काम ट्रान्समीटर करतो किंवा कंट्रोल रूममधला संगणक. सेटिंग करताना दोघांनीही ते केलं तर वर्गमुळाचं वर्गमूळ निघतं. अशा वेळी पूर्ण प्रवाह अगदी बरोबर दिसतो, शून्यही बरोबर दिसतं, पण प्रवाह निम्मा असताना मीटर ५० ऐवजी ७१ टक्के दाखवतो. दोन्ही टोकांना खरा आणि मध्येच खोटा असा मीटर दिसला की चकतीला हात लावण्याआधी सेटिंग पाहावं.

साखर कारखान्यांत हीच चकती वाफेवर असते आणि तिथे दुरुस्त्यांचा क्रम बदलतो. वाफ चकतीतून जाताना फुगते, त्यासाठी सूत्रात आणखी एक गुणक येतो. पण ९ बार निरपेक्ष दाबाच्या वाफेत २० किलोपास्कलच्या फरकाला तो ०.९९३ असतो, म्हणजे जेमतेम ०.७ टक्के. खरी गोम घनतेत आहे. मीटर ९ बारसाठी बसवलेला आणि बॉयलर ७ बारवर चाललेला असेल तर संतृप्त वाफेची घनता ४.६५ वरून ३.६७ किलो प्रति घनमीटरवर येते, आणि घनतेची दुरुस्ती न करणारा मीटर खऱ्यापेक्षा सुमारे साडेबारा टक्के जास्त वाफ दाखवतो. गुणांकाची अर्ध्या टक्क्याची चर्चा तिथे नंतरची.

ज्यांना अर्ध्या टक्क्याच्या आत जायचं आहे त्यांना समीकरण सोडून स्वतःच्याच मीटरचा गुणांक मोजून घ्यावा लागतो. केरळात पालक्काड इथल्या फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी मीटरमधून ठरावीक वेळ पाणी सोडून, ते तोलून किंवा मापून, वेगवेगळ्या रेनॉल्ड्स अंकांना त्या एकाच मीटरचा गुणांक काढून देतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्टॉपवॉच आणि टाकी घेऊन पोरं करतात तेच काम, फक्त शंभर पट काटेकोर.

शेवटी चकतीच्या स्वस्ताईचा हिशेब. आकसलेली धार पुन्हा पाइपभर पसरताना भोवऱ्यांत ऊर्जा घालवते. आपल्या चकतीत २० पैकी सुमारे १२.४ किलोपास्कल दाब कायमचा जातो. पंपाची एकूण कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर त्यासाठी जवळजवळ ०.९ किलोवॉट सतत लागतात, म्हणजे वर्षाला सुमारे ७,८०० युनिट. व्हेंचुरी यातला थोडाच भाग खाते. ज्या पंपाला वर्षभर विश्रांती नाही, तिथे महागडी व्हेंचुरीच शेवटी स्वस्त पडते.